स्टॉप पेमेंट लागलंय का? एसआय चालू आहे का? नेट बँकिंगमध्ये खात्री कशी करायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेच्या काउंटरमागे बरीच वर्षं काढल्यामुळे ओळखीपाळखीचे लोक आजही मला हे प्रश्न पाठवतात. बहुतेकांची अडचण सारखीच असते. सूचना दिली हे त्यांना पक्कं आठवतं, पण ती लागू झाली का, हे कुठे पाहायचं ते सापडत नाही. वारंवार आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक बँकेच्या मेनूतली नावं थोडी वेगळी असतात, त्यामुळे शब्द तंतोतंत जुळले नाहीत तरी जागा ओळखता येईल अशा बेताने लिहिलं आहे.

१. स्टॉप पेमेंट आणि स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, दोन्ही बँकेला दिलेल्या सूचनाच ना? मग एकाच यादीत का दिसत नाहीत?

कारण बँकेच्या संगणकात त्या वेगवेगळ्या गोष्टींना चिकटलेल्या असतात. स्टॉप पेमेंटची खूण चेकच्या एका पानावर, म्हणजे त्या सहा अंकी चेक क्रमांकावर लागते. तो चेक समोर आला की पैसे द्यायचे नाहीत, एवढंच ती सांगते. स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, जिला सगळे एसआय म्हणतात, ती खात्यावर असते. अमुक तारखेला अमुक रक्कम अमुक खात्यात वळती करत राहा, असं ती सांगते.

म्हणून पहिलीची चौकशी चेकच्या मेनूत करायची आणि दुसरीची निधी हस्तांतरणाच्या किंवा ‘सर्व्हिसेस’च्या मेनूत. एकीचा दुसरीवर काडीचाही परिणाम होत नाही. चेक थांबवल्याने एसआय थांबत नाही आणि एसआय रद्द केल्याने कुणाच्या हातातला चेक निकामी होत नाही.

२. मी चेक थांबवायची विनंती केली. पडद्यावर ‘रिक्वेस्ट यशस्वीरीत्या सादर झाली’ असं आलं, संदर्भ क्रमांकही मिळाला. आता चेक थांबला असं समजू का?

अजून समजू नका. त्या ओळीचा अर्थ एवढाच की तुमची विनंती नेट बँकिंगने स्वीकारली. बऱ्याच बँकांत ती तत्क्षणी मुख्य प्रणालीत जाते आणि चेकच्या पानावर खूण लागते. पण काही खात्यांत आणि काही बँकांत ती मंजुरीसाठी थांबून राहते. ओटीपीची पायरी अर्धवट सुटलेली असू शकते. व्यावसायिक खात्यात दुसऱ्या सहीदाराची मंजुरी लागते. कधी विनंती शाखेकडे जाते आणि तिथे कुणीतरी ती हाताळेपर्यंत पडून राहते.

संदर्भ क्रमांक म्हणजे विनंती केल्याचा पुरावा. तो जपून ठेवाच, पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच कामाला येतो (प्रश्न ११). चेक थांबल्याचा पुरावा मात्र दुसरीकडे आहे, तो पुढच्या उत्तरात.

खात्यातून स्टॉप पेमेंटचं शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कापला गेला, म्हणून अनेकजण निर्धास्त होतात. शुल्क कापलं जाणं हे चांगलं लक्षण आहे, पण त्यातून नेमका कोणता चेक थांबला हे कळत नाही. आणि खरी चूक बहुतेक वेळा तिथेच असते.

३. मग खात्री नेमकी कुठे करायची?

विनंत्यांच्या यादीत नाही, चेकच्या स्थितीत. लॉगिन केल्यावर चेकसंबंधीच्या सेवांमध्ये `Cheque Status Enquiry` किंवा त्याच धर्तीचं काहीतरी नाव असलेला पर्याय असतो. तिथे आधी ज्या खात्याचा चेक आहे ते खातं निवडा. एकाहून जास्त खाती असतील तर इथेच घोळ होतो, कारण पडद्यावर आपोआप पहिलं खातं निवडलेलं असतं. मग चेक क्रमांक टाका.

क्रमांक आठवणीतून टाकू नका. चेकबुकातल्या नोंदीच्या पानावरून किंवा शेजारच्या पानाच्या क्रमांकावरून घ्या. चेकच्या तळाशी चुंबकीय शाईने छापलेल्या पट्टीत डावीकडचे पहिले सहा अंक म्हणजे चेक क्रमांक. त्यानंतरचे नऊ अंक बँक आणि शाखेचा एमआयसीआर कोड असतात. ते चेक क्रमांक म्हणून टाकणारेही मी पाहिले आहेत. क्रमांकाच्या सुरुवातीला शून्यं असतील तर ती काही बँकांच्या पडद्यावर टाकावी लागतात, काहींवर लागत नाहीत. ‘असा चेक सापडला नाही’ असं उत्तर आलं तर आधी शून्यांसह आणि मग शून्यांशिवाय करून पाहा.

समोर `Stopped` असं आलं, त्याखाली तुम्ही सूचना दिली ती तारीख दिसली आणि क्रमांक हवा तोच असला, की झालं. त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. तारीख आणि वेळ त्यात दिसेल असं पाहा.

४. चेकच्या स्थितीत येणाऱ्या वेगवेगळ्या शब्दांचा अर्थ काय?

`Unused` किंवा तत्सम शब्द म्हणजे बँकेच्या दृष्टीने तो चेक अजून कोरा आहे. तुम्ही तो लिहून कुणाला दिला असेल, पण बँकेपर्यंत तो पोचलेला नाही. स्टॉप केल्यानंतरही हाच शब्द दिसत असेल, तर स्टॉप लागलेला नाही.

`Paid` किंवा `Passed` म्हणजे चेक वटला, पैसे गेले. त्यावर आता स्टॉप लागू शकत नाही. तुम्ही प्रयत्न केलात तर बँकेची प्रणाली विनंती नाकारेल.

`Stopped` म्हणजे खूण लागली आहे. `Returned` म्हणजे चेक आला होता आणि न वटता परत गेला. तो स्टॉपमुळेच गेला असेल तर परतीच्या मेमोवर `Payment stopped by drawer` हे कारण छापलेलं असतं. शिल्लक कमी पडल्याने गेला असेल तर कारण वेगळं असतं. हा फरक महत्त्वाचा का, ते प्रश्न १० मध्ये.

५. मी नीट स्टॉप केला, संदर्भ क्रमांकही आहे, तरी चेक वटला. असं कसं?

अशा तक्रारींत मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे चुकीचा क्रमांक. एक नमुना घेऊ. एका बाईंनी मिस्त्रीला ४५,००० रुपयांचा चेक दिला, क्रमांक ४१२३८६. काम अर्धवट टाकून मिस्त्री गायब झाला. त्यांनी त्याच रात्री नेट बँकिंग उघडलं, चेकबुकात वरती दिसणाऱ्या पानाचा क्रमांक पाहिला, तो होता ४१२३८७. त्यांनी तोच टाकला, स्टॉप झाला, संदेशही आला. दोन दिवसांनी ४१२३८६ वटला.

बँकेची यात चूक नाही. वरचं पान म्हणजे पुढचा कोरा चेक. दिलेला चेक त्याच्या आधीचा. प्रणालीने सांगितलेला चेक इमानेइतबारे थांबवला. त्या बाईंनी त्या रात्री चेकची स्थिती तपासली असती, तर त्यांना ४१२३८७ समोर `Stopped` आणि ४१२३८६ समोर `Unused` दिसलं असतं. लगेच लक्षात आलं असतं आणि दुसरा स्टॉप टाकायला पूर्ण रात्र हातात होती.

म्हणून माझी पद्धत अशी: स्टॉप केलेला क्रमांक तर तपासायचाच, पण त्याच्या मागचा आणि पुढचा क्रमांकही तपासायचा. तिन्हींची स्थिती तुम्हाला माहीत असलेल्या हकिकतीशी जुळली पाहिजे. वरच्या उदाहरणात ४१२३८५ हा कधीतरी विजेच्या बिलासाठी दिला होता आणि तो `Paid` दिसत होता, म्हणजे त्याच्या पुढचा तो मिस्त्रीचा, हे लगेच ताडता आलं असतं.

दुसरं कारण वेळेचं असतं. ते पुढे.

६. समोरच्याने सकाळी चेक बँकेत भरला, मी दुपारी स्टॉप केला. थांबेल का?

पूर्वी बहुतेकदा थांबायचा, आता फारशी आशा धरू नका. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक क्लिअरिंग सलग चालतं. दिवसाच्या ठरलेल्या वेळात भरलेल्या चेकची प्रतिमा गठ्ठ्याची वाट न पाहता तुमच्या बँकेकडे जाते. तुमच्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत होकार किंवा नकार द्यायचा असतो. नाही दिला तर होकार धरला जातो.

हे वाचून अनेकांना वाटतं की संध्याकाळी ७ पर्यंत आपल्याला वेळ आहे. तसं नाही. ७ ही बँकेची शेवटची मर्यादा आहे. बँक त्या चेकवर काही मिनिटांतही होकार देऊ शकते आणि एकदा दिला की स्टॉपला अर्थ उरत नाही. समजा चेकची प्रतिमा सव्वाअकराला आली, बँकेने बाराला होकार दिला आणि तुम्ही अडीचला स्टॉप टाकला. तो लागणारच नाही. तेच बँकेने तुमचा चेक चारपर्यंत तपासलाच नसेल, तर लागेल. हे तुमच्या हातात नाही, त्यामुळे स्टॉप टाकल्याबरोबर चेकची स्थिती पाहणं हाच उपाय. `Paid` दिसलं तर शंकेला जागा नाही.

चेक घेणाऱ्याचं खातंही तुमच्याच बँकेत असेल, किंवा बेअरर चेक काउंटरवर रोख घ्यायला कुणी आलं असेल, तर क्लिअरिंगचा प्रश्नच येत नाही. तिथे काम क्षणात होतं.

७. पूर्ण चेकबुक हरवलं. एकेक क्रमांक टाकत बसायचं का?

नाही. स्टॉपच्या पडद्यावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन चौकटी असतात, तिथे पहिला आणि शेवटचा क्रमांक टाका. पूर्ण पट्टा एकदम थांबतो, आणि शुल्कही अनेक बँका पट्ट्यासाठी वेगळं, तुलनेने कमी लावतात.

इथे एक खाचखळगा आहे. पट्ट्यातला एखादा चेक आधीच वटलेला असेल, तर काही बँकांची प्रणाली तो वगळून बाकीचे थांबवते आणि काहींची पूर्ण विनंतीच नाकारते. नाकारल्याचा संदेश पडद्यावर येऊन जातो, आपण घाईत असतो, लक्षात राहत नाही. म्हणून पट्टा थांबवल्यावर पहिला, शेवटचा आणि मधला एखादा क्रमांक प्रश्न ३ प्रमाणे तपासून घ्या.

हरवलेल्या पुस्तकात एखादा सही केलेला कोरा चेक होता का, हेही आठवून पाहा. त्याचं महत्त्व पुढच्या उत्तरात.

८. स्टॉप पेमेंट किती दिवस चालू राहतं? चेक तीन महिन्यांनी आपोआप बाद होतो, मग नंतर काळजी नको ना?

भारतातल्या बँकांत साधारणपणे तुम्ही मागे घेईपर्यंत स्टॉप राहतो. तरी आपल्या खात्यावर तो टिकून आहे का, हे मधूनमधून पाहायला हरकत नाही, दोन मिनिटांचं काम आहे.

तीन महिन्यांचा हिशोब मात्र नीट समजून घ्या. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने आहे. त्याआधी सहा महिने होती. मोजायला सुरुवात होते ती चेकवर लिहिलेल्या तारखेपासून. तुम्ही तो ज्या दिवशी दिला किंवा हरवला, त्या दिवसाशी तिचा संबंध नाही. तारीख न टाकता सही करून दिलेला चेक दीड वर्षाने कुणी त्या दिवशीची तारीख टाकून भरला, तर बँकेच्या दृष्टीने तो ताजाच. अशा चेकवरचा स्टॉप ‘आता कशाला हवा’ म्हणून काढू नका.

९. स्टॉप मागे घेतला. तो खरंच निघाला की नाही हे कसं कळेल?

उलट दिशेने तोच पडदा. चेकच्या स्थितीत `Stopped` जाऊन पुन्हा `Unused` दिसलं पाहिजे. काही बँका स्टॉप लावायची सोय नेट बँकिंगमध्ये देतात, पण काढायला शाखेत लेखी अर्ज मागतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. तुमचा पासवर्ड चोरलेल्या माणसाने स्टॉप लावला तर फार नुकसान नाही, काढला तर आहे.

स्टॉप निघाल्याची खात्री होईपर्यंत समोरच्याला ‘चेक भरा’ म्हणून सांगू नका. मधल्या वेळात चेक परत गेला तर परतीचं शुल्क त्यालाही बसतं आणि तुमचं बोलणं खोटं पडतं ते वेगळंच.

१०. खात्यात पैसे नाहीत, म्हणून आधीच स्टॉप पेमेंट लावलं. म्हणजे चेक बाउन्सच्या खटल्यातून सुटका झाली ना?

नाही. हा गैरसमज फार जुना आहे. परतीच्या मेमोवर ‘शिल्लक अपुरी’ऐवजी ‘चेक देणाऱ्याने पेमेंट थांबवलं’ असं आलं की कलम १३८ लागत नाही, असं लोकांना वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मोदी सिमेंट्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं की स्टॉप पेमेंटमुळे परत गेलेल्या चेकलाही निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ लागू शकतं.

मात्र २००१ मध्ये एमएमटीसीच्या प्रकरणात न्यायालयाने हेही म्हटलं की खात्यात पुरेशी शिल्लक होती आणि चेक थांबवण्याला खरं, योग्य कारण होतं, हे चेक देणाऱ्याने सिद्ध केलं तर गुन्हा ठरत नाही. सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर. म्हणून वादातला चेक थांबवताना स्टॉपच्या पडद्यावरच्या ‘कारण’ या चौकटीत ‘हरवला’ असं खोटं टाकू नका. वाद असेल तर तसंच निवडा, आणि त्या दिवशीची शिल्लक दाखवणारं स्टेटमेंट जपून ठेवा.

चेक परत गेल्यावर घेणाऱ्याने माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवायची असते आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर प्रकरण तिथेच थांबतं. पुढचं वकिलाला विचारा.

११. पडद्यावर `Stopped` होतं, फोटोही आहे. तरी बँकेने चेक वटवला. आता?

मग चूक बँकेची आहे आणि पैसे परत मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तक्रारीत वेळेचा क्रम मांडा: स्टॉप कधी दिला, संदर्भ क्रमांक काय, स्थिती कधी पाहिली, चेक कधी वटला. शाखा व्यवस्थापकाला तोंडी सांगून थांबू नका, लेखी किंवा नेट बँकिंगच्या तक्रार विभागातून द्या, म्हणजे तारीख नोंदली जाते.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वरून फुकट तक्रार करता येते. त्याआधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. थेट लोकपालाकडे गेलात तर ती फेटाळली जाते.

१२. संयुक्त खातं आहे, किंवा फर्मचं खातं आहे. माझ्या लॉगिनवरून केलेला स्टॉप चालेल का?

‘दोघांपैकी कुणीही’ अशा पद्धतीच्या खात्यात सहसा चालतो. दोघांच्या सह्या लागणाऱ्या खात्यात मात्र नेट बँकिंग अनेकदा फक्त पाहण्यापुरतं असतं, तिथे शाखेत अर्ज द्यावा लागतो.

फर्मच्या खात्यात एक व्यक्ती विनंती भरते आणि दुसरी मंजूर करते. तुम्ही भरलीत आणि मंजूर करणारे साहेब प्रवासात असले, तर विनंती `Pending for authorisation` मध्ये अडकून पडते आणि चेक मोकळाच राहतो. घाई असेल तर त्यांना फोन करा, आणि मंजुरीनंतर चेकची स्थिती स्वतः पाहा.

१३. आता एसआयचं. ती चालू आहे का, हे कुठे पाहायचं?

`Standing Instructions` किंवा `Scheduled Transfers` असं काहीतरी नाव असलेल्या पर्यायात ‘पाहा’ किंवा ‘बदला’ असा उपपर्याय असतो. तिथे यादी येते आणि प्रत्येक ओळीसमोर स्थिती असते. `Active` पाहून लोक पडदा बंद करतात. मी तसं करत नाही. मी पुढच्या अंमलबजावणीची तारीख पाहतो, जी `Next execution date` अशा नावाने असते. ती भविष्यातली आणि अपेक्षित असली, तरच एसआय खऱ्या अर्थाने चालू.

उदाहरण घ्या. एका गृहस्थांनी आईच्या खात्यात दरमहा ८,००० रुपये जावेत म्हणून एसआय लावली. पहिली तारीख ५ जून २०२५, एकूण १२ वेळा. म्हणजे शेवटची ५ मे २०२६ ला. लावताना ‘१२’ हा आकडा त्यांनी सहज टाकला होता, कारण चौकट रिकामी सोडता येत नव्हती. मे महिन्याचे पैसे गेले, जूनचे गेले नाहीत, आईला वाटलं मुलगा विसरला. मे महिन्याच्या शेवटी त्यांनी यादी उघडली असती, तर पुढची तारीख रिकामी दिसली असती. नंतर उघडली तेव्हा ती ओळ चालू सूचनांतून निघून `Completed` मध्ये गेली होती, आणि चालू यादीत ती नाहीच म्हणून ते आणखी गोंधळले.

तेव्हा पुढची तारीख, उरलेल्या खेपा आणि अखेरची तारीख, या तीन गोष्टी एकत्र पाहा.

१४. एसआय `Active` आहे, पुढची तारीखही बरोबर आहे, तरी या महिन्यात पैसे गेले नाहीत. का?

बहुतेकदा त्या क्षणी शिल्लक कमी होती. अनेक बँकांत एसआय पहाटेच्या बॅचमध्ये चालतात. पगार त्याच दिवशी सकाळी दहाला जमा झाला तर एसआय आधीच फसलेली असते. काही बँका दिवसभरात किंवा पुढच्या दिवशी पुन्हा प्रयत्न करतात, काही नाही करत. फसलेल्या खेपेने एसआय रद्द होत नाही, म्हणून स्थिती `Active` च राहते. एसआयच्या तपशिलात मागच्या अंमलबजावणीचा निकाल, म्हणजे `Success` किंवा `Failed`, दिसतो, तो पाहा. फसलेल्या खेपेचे पैसे हाताने पाठवा आणि एसआयची तारीख पगाराच्या एक-दोन दिवसांनी ठेवा.

सुट्टीचा आधारही आता धरू नका. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालतं आणि नॅच, म्हणजे कर्जाचे हप्ते वगैरे खात्यातून आपोआप वळते करणारी यंत्रणा, १ ऑगस्ट २०२१ पासून सगळ्या दिवशी. रविवारी येणारी तारीख सोमवारवर जाईल, अशा भरवशावर शनिवारी खातं रिकामं ठेवलं तर पस्तावाल. महिन्याची ३१ तारीख निवडली असेल तर लहान महिन्यांत काय होणार, ते पुढच्या तारखेच्या चौकटीतच दिसेल.

१५. मी एसआय रद्द केली, तरी पैसे कापले गेले. बँक ऐकत का नाही?

बहुधा ते पैसे एसआयमधून गेलेच नव्हते. खात्यातून आपोआप पैसे जाण्याचे निदान चार रस्ते आहेत आणि लोक चौघांनाही एसआयच म्हणतात. एक, बँकेची स्वतःची एसआय. दुसरा, नॅच मँडेट, जो कर्जाच्या हप्त्यांसाठी आणि एसआयपीसाठी समोरच्या संस्थेला तुम्ही दिलेला असतो. त्याला यूएमआरएन नावाचा वेगळा क्रमांक असतो आणि नेट बँकिंगमध्ये तो `Mandates` खाली दिसतो. तिसरा, डेबिट किंवा क्रेडिट कार्डवरचा ई-मँडेट, जो कार्डाच्या विभागात असतो. चौथा, यूपीआय ऑटोपे, जो यूपीआय अ‍ॅपमध्ये दिसतो.

कोणता रस्ता होता हे पासबुकातल्या किंवा स्टेटमेंटमधल्या त्या ओळीच्या वर्णनावरून कळतं. `SI`, `NACH` किंवा `ACH`, `UPI` अशी खूण तिथे असते. आधी ती वाचा, मग योग्य विभागात रद्द करा. कर्जाच्या हप्त्याचा मँडेट रद्द करण्याआधी थांबा. मँडेट रद्द झाला तरी हप्ता देणं सुटत नाही, आणि नॅच शिल्लक नसल्याने परत गेला तरी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली खटला होऊ शकतो.

दुसरी शक्यता म्हणजे रद्द करायला उशीर झाला. अंमलबजावणीच्या आदल्या दिवशी केलेला बदल काही बँका पुढच्या खेपेपासून धरतात. रद्द केल्यावर लगेच यादी पुन्हा उघडा. ओळ `Cancelled` मध्ये गेली नसेल, तर आजची खेप जाणार असं धरून चाला.

१६. भाडं वाढलं म्हणून नवीन एसआय लावली. आता दोन्ही वेळा पैसे गेले. काय झालं?

जुनी तशीच राहिली. रक्कम बदलायला अनेक बँका ‘बदल’ची सोय देत नाहीत, नवीन लावायला लावतात. जुनी आपोआप जाईल असं आपण गृहीत धरतो. नवीन लावल्यावर यादीत त्याच लाभार्थ्याच्या नावाने दोन ओळी `Active` आहेत का, ते पाहा. जुनी रद्द करून, ती `Cancelled` झाल्याची खात्री करून, मगच नवीन लावणं बरं.

जास्तीचे गेलेले पैसे बँक स्वतःहून परत आणत नाही, कारण दोन्ही सूचना तुमच्याच होत्या. ते घरमालकाकडूनच मागावे लागतात.

१७. एसआय शाखेत फॉर्म भरून दिली होती. नेट बँकिंगच्या यादीत दिसतच नाही. चालू आहे की नाही?

शाखेने लावलेली एसआय काही बँकांच्या नेट बँकिंगमध्ये दिसत नाही. तिथे फक्त तुम्ही ऑनलाइन लावलेल्या दिसतात. रिकामी यादी पाहून पुन्हा ऑनलाइन लावली तर प्रश्न १६ सारखी गत होते. आधी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये त्या तारखेला `SI` ची ओळ आहे का पाहा. असेल तर एसआय चालू आहे. मग शाखेकडून तिचा एसआय क्रमांक आणि अखेरची तारीख लेखी मागून घ्या.

एकाच बँकेत तुमचे दोन ग्राहक क्रमांक असतील, म्हणजे लग्नाआधीचं एक आणि नंतरचं एक खातं असेल, तरीही हेच होतं. एका लॉगिनवर दुसऱ्या क्रमांकाखालच्या सूचना दिसत नाहीत. शाखेत केवायसीची कागदपत्रं देऊन दोन्ही क्रमांक एकत्र करून घेता येतात, त्यानंतर सगळी खाती आणि ऑनलाइन लावलेल्या सूचना एकाच यादीत येतात.